नुसता सीआरआर घटला म्हणून वावरात कर्ज येत नाही

२०२५ च्या जूनमध्ये रिझर्व्ह बँकेने सीआरआर ४ टक्क्यांवरून ३ टक्के करायचं जाहीर केलं, सप्टेंबर ते नोव्हेंबर असे चार हप्ते करून तो खाली आणला आणि बँकांकडे जवळपास अडीच लाख कोटी रुपये मोकळे होणार असं सांगितलं. तेव्हापासून आमच्या यवतमाळ-वाशिमकडे बाजाराच्या दिवशी, सोसायटीच्या ओट्यावर, कृषी सेवा केंद्रात, जिथे तिथे एकच बोलणं ऐकतोय की आता बँकांकडे पैसा आला म्हणजे पीक कर्ज सोपं होणार. एमपीएससीची तयारी करणारी पोरं तर गणितच मांडून दाखवतात, सीआरआर कमी म्हणजे पतनिर्मिती जास्त, पुस्तकात तसंच लिहिलंय. मला हे गणित आपल्या भागापुरतं चुकीचं वाटतं, आणि चुकीच्या दारावर धक्के मारत बसलो तर खरं दार तसंच बंद राहील म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी नियम काय आहे ते नीट पाहू. बँकेकडे लोकांच्या जितक्या ठेवी असतात, म्हणजे बचत, चालू खातं, एफडी, सगळी देणी मिळून, त्याचा ठरावीक हिस्सा रिझर्व्ह बँकेतल्या खात्यात रोख ठेवावा लागतो, तो सीआरआर. १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम ४२ मधून तो येतो आणि त्यावर बँकेला एक रुपयाही व्याज मिळत नाही, २००७ पासून ते पूर्ण बंद आहे. दुसरा एसएलआर, तो १९४९ च्या बँकिंग कायद्याच्या कलम २४ मधला. त्यात बँकेने ठेवींचा १८ टक्के हिस्सा रोख, सोनं किंवा सरकारी रोख्यांत ठेवायचा, प्रत्यक्षात जवळजवळ सगळा सरकारी रोख्यांतच असतो आणि त्यावर व्याज मिळतं. म्हणजे आज १०० रुपये ठेव आली तर ३ रुपये रिझर्व्ह बँकेत बिनव्याजी, १८ रुपये सरकारच्या रोख्यात आणि राहिलेले ७९ रुपये बँकेच्या मर्जीने. हिशोब अख्ख्या बँकेचा धरला जातो, एकेका शाखेचा नाही, पण समजायला शाखेवर मांडला तरी चालतो.

पुस्तकातलं गणित कधीच खरं नव्हतं असं मी म्हणत नाही. १९९० च्या आसपास सीआरआर १५ टक्के होता आणि एसएलआर साडेअडतीस, म्हणजे १०० मधले साडेत्रेपन्न रुपये आधीच अडकलेले. तेव्हा बँकेकडे कर्ज मागणारा उभा असायचा, द्यायची इच्छाही असायची आणि पैसा मात्र नियमात बांधलेला असायचा, सरकारला स्वस्तात उधार मिळावं म्हणून. १९९१ च्या नरसिंहम समितीने हे सोडवा म्हणून सांगितलं आणि पुढच्या वर्षांत हळूहळू सोडवलंही. त्या काळी एक टक्का कमी केला तर तो थेट कर्जात दिसू शकत होता कारण अडचणच तिथे होती. आज अडचण तिथे नाही, पण बोलणं अजून तेव्हाचंच चालू आहे.

हे कशावरून म्हणतो? एक तर देशातल्या व्यापारी बँका १८ टक्क्यांचं बंधन असताना त्यापेक्षा बऱ्याच जास्त सरकारी रोखे स्वतःहून धरून बसतात. कोणी जबरदस्ती केलेली नाही, तरी धरतात, कारण रोख्यात पैसा बुडत नाही, व्याज वेळेवर येतं आणि गरज पडली तर तो गहाण ठेवून रिझर्व्ह बँकेकडून रोकड उचलता येते. मग १८ चे १७ केले तर काय होणार, जो स्वतःच्या मनाने जास्त धरतो त्याला बंधन सैल केल्याचा काय फरक?

दुसरा दाखला २०२० चा. मार्चच्या शेवटी सीआरआर ४ चा ३ केला, १.३७ लाख कोटी रुपये मोकळे झाले. नंतर १५ एप्रिलला बँकांनी ६.९ लाख कोटी रुपये परत रिझर्व्ह बँकेकडेच रिव्हर्स रेपोत नेऊन ठेवले होते, हे गव्हर्नरांनी स्वतःच्या निवेदनात सांगितलंय. लॉकडाऊनचे दिवस होते, धंदे बंद, कर्ज मागायला कोण येणार, हे मान्य. पण त्यातून एवढं तर दिसलंच की हातात पैसा आला म्हणजे बँक कर्ज देतेच असं काही नाही. देणाऱ्याला देण्याची भीती वाटत असेल तर पैसा फिरून तिथेच जातो जिथून आला.

आता आपल्या तालुक्यावर येऊ. एक शाखा धरा, आकडे समजण्यापुरते मी घेतलेत पण ढाचा आपल्याकडचाच आहे. तालुक्याच्या गावातली बँक, ठेवी १०० कोटी. त्यात मास्तरांचे आणि ग्रामसेवकांचे पगार, पेन्शन, सीसीआयला घातलेल्या कापसाचे चुकारे, पीएम किसानचे हप्ते, कोणाच्या जमिनीचा समृद्धी महामार्गात गेल्याचा मोबदला, बचत गटांचे पैसे. ह्या १०० कोटींतून सीआरआरचे ३ आणि एसएलआरचे १८ बाजूला काढले तरी ७९ कोटी कर्जाला उरतात. शाखेचं एकूण कर्ज आहे ४० कोटी. सीआरआर ४ टक्के होता तेव्हा ७८ उरत होते, आता ७९. जी शाखा ७८ असतानाही ४० वरच थांबली होती ती ७९ झाल्यावर ४१ का करेल? उरलेले ३९ कोटी हेड ऑफिसला जातात, तिथून पुण्या-मुंबईच्या होम लोनमध्ये, मोठ्या कंपन्यांना, किंवा पुन्हा सरकारी रोख्यांत. शाखेला त्याबद्दल हेड ऑफिसकडून व्याजही मिळतं, त्यामुळे मॅनेजरचं नुकसान काहीच नाही, उलट बिनजोखमीची कमाई.

ह्यालाच सीडी रेशो म्हणतात, ठेवीच्या मानाने कर्ज किती. ग्रामीण आणि निमशहरी शाखांतून तो ६० टक्क्यांपर्यंत न्यावा असं बँकांना सांगितलेलं आहे, आणि जिल्ह्याचा ४० च्या खाली गेला तर खास उपसमिती नेमून लक्ष ठेवायचं अशी सोय जुन्या परिपत्रकात आहे. आता जिल्ह्याच्या सरासरीत काय होतं की जिल्ह्याच्या ठिकाणची मोठी कर्जं, जिनिंग, दाल मिल, गाड्या, घरं सगळं मिसळतं आणि आकडा बरा दिसतो. तालुक्याच्या कोपऱ्यातली शाखा त्या सरासरीत लपून जाते.

मग शाखा का देत नाही? इथे मी जरा थांबून हिशोब मांडतो कारण सगळं ह्यातच आहे.

एका कास्तकाराला दीड लाखाचं पीक कर्ज द्यायचंय. सीआरआर एक टक्का कमी झाल्याने ह्या दीड लाखामागे बँकेचे १,५०० रुपये बिनव्याजी पडून राहायचे ते सुटले. बँक ठेवीवर ६ टक्के देते असं धरलं तर वर्षाला वाचले ९० रुपये. नव्वद. एका कर्जामागे सीआरआर कपातीचा बँकेला होणारा सगळा फायदा एवढाच. आता दुसरी बाजू. पाऊस दगा देतो, सोयाबीनवर पिवळा मोझॅक येतो, पराटीवर बोंडअळी येते, भाव पडतात, आणि कर्ज थकतं. कमी मुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकीत राहिलं की ते एनपीए, म्हणजे वसुलीची खात्री नसलेलं कर्ज, धरलं जातं, आणि एनपीए झालं की पहिल्या पायरीलाच १५ टक्के रक्कम बँकेला आपल्या नफ्यातून बाजूला काढून ठेवावी लागते, तिलाच तरतूद म्हणतात. दीड लाखाचे १५ टक्के म्हणजे २२,५०० रुपये. पुढे वसुली लांबली तर हा आकडा वाढत जातो. एका बाजूला ९० रुपये आणि दुसऱ्या बाजूला २२,५००, तुम्ही मॅनेजरच्या खुर्चीत बसले असते तर कशाकडे पाहिलं असतं?

म्हणून खिडकीवर जे होतं ते होतं. आठ-अ आणा, सातबारा आणा, आजूबाजूच्या बँकांचे नो ड्यूज आणा, फेरफार आणा, मग सिबिल पाहतो, मग पुढच्या सोमवारी या, आणि तोवर मिरग निघून गेलेला असतो. सरकार दर वर्षी सांगतं की पीक कर्जाला सिबिल लावू नका, तरी खिडकीवर ते लागतंच. मी ह्यासाठी खिडकीमागच्या माणसाला दोष देत नाही. माझ्या ओळखीतल्या एका मॅनेजरनं सरळ सांगितलं होतं, "भाऊ, मी दिलेलं कर्ज बुडालं तर माझ्या फाइलवर येतं, मी न दिलेल्या कर्जाबद्दल मला कोणी विचारत नाही." ह्या एका वाक्यात जे आहे ते सीआरआरच्या कुठल्याच परिपत्रकात नाही.

कोणी म्हणेल सीआरआर घटला की बँकेचा खर्च घटतो आणि व्याज तरी कमी होईल. पीक कर्जाचं व्याज बँक ठरवतच नाही. ३ लाखांपर्यंत ७ टक्के दर ठरलेला आहे, बँकेला केंद्राकडून दीड टक्का भरपाई मिळते, वेळेवर भरलं तर कास्तकाराला केंद्राची ३ टक्के सूट, आणि वरचं राज्य सरकार डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून भरतं, म्हणजे वेळेवर भरणाऱ्याला व्याज शून्यच. आपल्याच भाऊसाहेबांच्या नावाची योजना, चांगली योजना आहे. पण ती त्यालाच मिळते ज्याला बँकेने कर्ज दिलंय आणि जो वेळेवर भरू शकला. ज्याला खिडकीवरून परत पाठवलं तो सावकाराकडे किंवा कृषी केंद्राच्या उधारीवर जातो, तिथे बियाणं-खत चढ्या भावाने लागतं आणि माल निघाल्यावर त्यालाच घालावा लागतो. त्याच्यासाठी प्रश्न कर्ज मिळतं का नाही हा आहे, सात टक्के का साडेसहा हा नाही.

आता काही लोक उलट टोकाला जातात, म्हणतात हे एसएलआर-फेसएलआर काढूनच टाका, गरिबाचा पैसा सरकारकडे कशाला अडकवता. ह्याला माझा जोरात विरोध आहे, आणि विदर्भातल्या माणसाने तर असं कधीच म्हणू नये कारण आपण ह्याची किंमत मोजलेली आहे.

नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचं प्रकरण आठवा. २००१-०२ मध्ये ह्या बँकेने शंभर कोटींहून जास्त रक्कम सरकारी रोखे घ्यायला म्हणून खासगी दलाल कंपन्यांना दिली, होम ट्रेड हे त्यातलं गाजलेलं नाव. कागदावर सरकारी रोखे, म्हणजे सगळ्यात सुरक्षित गुंतवणूक. पण रोखे बँकेच्या हातात आलेच नाहीत आणि पैसाही परत आला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या कोर्टाने तेव्हाच्या अध्यक्षांसह काही जणांना दोषी धरून शिक्षा सुनावली, पुढे प्रकरण वरच्या कोर्टात गेलं. मधली वीसेक वर्षं ठेवीदारांनी आणि कास्तकारांनी काढली. पुढे वेगवेगळ्या कारणांनी नागपूर, वर्धा आणि बुलडाणा ह्या तिन्ही जिल्हा बँका इतक्या खालावल्या की लायसन्स मिळण्याइतकं भांडवल उरलं नाही, आणि २०१४ मध्ये केंद्राने देशभरातल्या २३ बिनलायसन्सच्या जिल्हा बँका वाचवायची योजना केली त्यात महाराष्ट्रातल्या तीन होत्या, त्या ह्याच. जिल्हा बँक बसली की सोसायटी बसते, गट सचिवाकडे नवं-जुनं करायलाही पैसा नसतो, आणि लेकीच्या लग्नासाठी ठेवलेली एफडी काढायला माणूस महिनोनमहिने चकरा मारतो.

ह्यातून मला जे दिसतं ते असं की एसएलआरचा फायदा फक्त टक्केवारीत नसतो, रोखा खरोखर बँकेच्या नावावर आहे का ह्यात असतो. टक्के कागदावर भरले आणि रोखा दलालाच्या खिशात राहिला तर त्या नियमाचा ठेवीदाराला काडीचा उपयोग नाही. म्हणून जिल्हा बँकेच्या सभासदाने आमसभेत विचारायचा प्रश्न "किती गुंतवले" हा नाही, "रोखे कोणत्या खात्यात, कोणाच्या नावावर आहेत, तो उतारा दाखवा" हा आहे. आणि दुसरं, बँकेत अचानक गर्दी झाली, ठेवी काढायला लोक धावले, तर हेच रोखे विकून किंवा गहाण ठेवून रोकड उभी करता येते, पीक कर्ज काही त्या दिवशी वसूल करता येत नाही. आपल्या भागात तर सगळ्यांना पैसा एकाच वेळी लागतो, पेरणीच्या आधी, आणि सगळ्यांकडे पैसा येतोही एकाच वेळी, कापूस निघाल्यावर. अशा ठिकाणी राखीव ठेवीची गरज शहरापेक्षा जास्त आहे, कमी नाही. सीआरआरचंही तसंच, तो नुसता पडून असतो असं नाही, बँका एकमेकींचे पैसे ह्याच खात्यांतून चुकते करतात. तुम्ही एका बँकेतून पीक कर्ज उचलून दुसऱ्या बँकेत खातं असलेल्या दुकानदाराला खताचे पैसे पाठवले की दिवसअखेर ते ह्या रिझर्व्ह बँकेतल्या खात्यांमधूनच इकडचे तिकडे होतात.

मग मागायचं काय? माझं म्हणणं आहे की २२,५०० चा आकडा खाली आणायची मागणी करा, ९० चा वर न्यायची नको. छोट्या उद्योगांच्या कर्जाला सरकारी हमीची योजना कित्येक वर्षं चालू आहे, सीजीटीएमएसई नावाची, त्यात कर्ज बुडालं तर मोठा हिस्सा ट्रस्ट भरतो, आणि जितक्या रकमेला हमी आहे तितक्यावर बँकेला तरतूद करावी लागत नाही. तशीच हमी कोरडवाहू जिल्ह्यांतल्या २ लाखांपर्यंतच्या पीक कर्जाला द्या. विनातारण पीक कर्जाची मर्यादा जानेवारी २०२५ पासून २ लाख केलीच आहे, पण तारण न मागता द्या म्हणायचं आणि बुडालं तर सगळं बँकेच्या डोक्यावर, असं कसं चालेल? ७५ टक्के हमी धरली तर दीड लाखातले साडेसदतीस हजारच बँकेच्या जोखमीवर राहतात, त्याचे १५ टक्के म्हणजे ५,६२५ रुपये. मॅनेजरच्या डोक्यातला हिशोब ह्याने बदलू शकतो. बँकेचा काही हिस्सा मुद्दाम राहू द्यायचा, नाहीतर डोळे झाकून वाटप होईल आणि पुढाऱ्यांच्या जवळच्यांनाच मिळेल.

पैसा कुठून आणायचा हा प्रश्न येईल. २०१७ ला कर्जमाफी झाली, २०१९ ला झाली, दोन्ही वेळा मोठी रक्कम बँकांच्या जुन्या खात्यांत गेली. त्याने माणूस थकबाकीतून सुटला हे खरं आहे आणि त्या वेळी ते गरजेचंही होतं, मी त्याच्या विरोधात नाही. पण माफीचा पैसा बुडाल्यानंतर येतो, आणि माफी येणार अशी हवा झाली की भरू शकणाराही थांबतो, त्यामुळे पुढच्या हंगामात बँक अजून घाबरते. तोच पैसा आधी हमी म्हणून ठेवला तर एक रुपयाच्या मागे कितीतरी जास्त नवं कर्ज उभं राहू शकतं, कारण सगळेच काही बुडवत नाहीत.

ह्यात फसवणूक व्हायची जागा आहे ती पण सांगून ठेवतो. मार्चअखेर जुनं खातं बंद करून त्याच दिवशी नवीन उघडायचं, म्हणजे नवं-जुनं करायचं, आणि आकड्यात नवीन कर्ज दाखवायचं, हे आपल्याकडे सर्रास चालतं, कास्तकाराच्या हातात त्यातून रुपयाही येत नाही. कित्येकदा तर सावकाराकडून दोन दिवसांसाठी पैसे आणून खातं भरतात. म्हणून हमी देताना ज्याला मागच्या तीन वर्षांत कुठल्याच बँकेचं पीक कर्ज मिळालेलं नाही त्याला आधी धरा, आणि वाटपाची तारीख १५ जूनच्या आत असेल तरच हमी लागू करा. ऑगस्टमध्ये दिलेल्या पीक कर्जाने बियाणं घेता येत नाही.

आणि प्रत्येक शाखेच्या दारावर तीन आकडे लावायला सांगा, ह्या शाखेत ठेवी किती, ह्या शाखेचं कर्ज किती, त्यातलं ह्या हंगामात पहिल्यांदाच कर्ज घेणाऱ्यांना किती. जिल्हा समितीच्या बैठकीत बँकांचे आकडे येतातच, ते शाखेपर्यंत उघडे करायला कोणता नवीन कायदा लागत नाही. ग्रामसभेने असा ठराव मे महिन्याच्या आत करून अग्रणी बँकेच्या जिल्हा व्यवस्थापकाकडे पाठवला तर खरीप आढाव्याच्या वेळी तो त्यांच्या टेबलावर असेल.